पाया पडूक होये

गेल्या मंगळवारी सकाळी मेल आला : परताव्याचं प्रमाण जास्त असल्यामुळे तुमचं विक्री खातं स्थगित केलं आहे, अपील करा. मी सावंतवाडीची लाकडी फळं ऑनलाइन विकतो. त्या महिन्यात 96 ऑर्डर गेल्या, 17 परत आल्या. जमा झालेले पैसेही अडकले. माझी फळं कधी नासत नाहीत, याचा मला भारी अभिमान होता.

शेजारचे भाऊकाका कोर्टाबाहेर बसून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहायचे. वास लागल्यासारखे ते आले आणि खुर्ची ओढून बसले.

"पयला 'मे. साहेबांचे सेवेशी' लिही. अर्जात आधी पाया पडूक होये."

"काका, हे लोक चूक काय झाली ते विचारतायत."

"चूक? मेल्या, कबूल केलंस म्हणजे मेलंस! गिऱ्हाईकान फळ आपटल्यान, असा लिही."

मग चितारआळीचा इतिहास, आमचे आजोबा आणि एका जुन्या दिवाणी दाव्याचा दाखला, असा दोन पानी अर्ज झाला. मध्ये दोनदा चहा झाला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : माहिती अपुरी आहे. मूळ कारण, केलेली दुरुस्ती आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून उपाय कळवा. दोन पानांत नेमकं तेवढंच नव्हतं.

काका जेवायला गेल्यावर मी परताव्याची यादी उघडली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण अपमान झालेला माणूस यादी कशाला उघडेल? 17 पैकी 11 जणांनी 'अपेक्षेपेक्षा लहान' हे कारण दिलं होतं, आणि अकराही एकाच फळांच्या सेटचे. फोटोत आंबा एकटाच, पडदाभर. हापूसच वाटावा. प्रत्यक्षात दोन इंचांचा. चार सेटमधल्या फळांचे देठ मोडले होते, कारण सगळी फळं एकाच खोक्यात एकमेकांवर आपटत गेली. उरलेल्या दोघांचं मन बदललं होतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दुसरं अपील अर्ध्या पानाचं झालं. कारण : फोटोवरून आकार कळत नव्हता. दुरुस्ती : तो सेट विक्रीतून काढला, पाच रुपयांचं नाणं शेजारी ठेवून नवा फोटो काढला, मापं नावातच टाकली. उपाय : प्रत्येक फळ वेगळं गुंडाळायचं, देठाभोवती कागद, आणि दर सोमवारी परताव्याची कारणं बघायची. गिऱ्हाइकाबद्दल अवाक्षर नाही. एकाने 'आंबा कडक आहे' असं लिहिलं होतं, तेसुद्धा गिळलं.

चार दिवसांनी खातं सुरू झालं. सतरा पार्सलांचं जाण्यायेण्याचं भाडं मात्र माझ्याच माथी, त्याला अपील नाही.

काकांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खाली 'आपला विश्वासू' लिवलंस मां?"

लिहिलं होतं.

"मगे! थंयच काम झाला."