“काकांचं चित्र का लावलंय?”: तैलचित्राच्या तक्रारीला आमचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (५ पैकी २ तारे):
“आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी बाबांचं १८ बाय २४ इंची तैलचित्र करून घेतलं. नाक अगदी बाबांचं, बाकी चेहरा कुणा दुसऱ्याचाच. पाहुणे विचारत होते, काकांचं चित्र का लावलंय? आईने पाहिलं आणि काहीच बोलली नाही. आमच्याकडे बाजूने काढलेला एकच फोटो होता हे मान्य. पण मग जमणार नाही असं आधीच सांगायचं ना.”

ताई, नमस्कार.

पाहुण्यांचं काही चुकलं नाही. चित्रातल्या चेहऱ्याची रुंदी काकांचीच आहे. ती मी त्यांच्या फोटोवरून घेतली आणि तसं तुम्हाला सांगितलं नाही. माझी खरी चूक ही. बाकीचं सविस्तर लिहितो, कारण घरात असा एकच फोटो उरलेली बरीच माणसं आमच्याकडे येतात. २०१९च्या पुरानंतर तर फारच.

बाजूच्या फोटोत माणसाच्या चेहऱ्याच्या उंच्या सगळ्या मिळतात. केसांची कड, भुवई, नाकाचं मूळ, नाकाचा शेंडा, ओठांची फट, हनुवटी, कानाची वरची आणि खालची कड. या प्रत्येक जागेतून आडवी रेषा ओढून शेजारच्या कागदावर न्यायची, की समोरच्या चेहऱ्यात कोणती गोष्ट किती उंचीवर येणार हे ठरतं. यात अंदाज जवळजवळ नसतो. नाक बाबांचं वाटतं ते म्हणूनच: त्याची लांबी, कण्यावरचा उंचवटा आणि शेंड्याचा किंचित खाली झुकाव फोटोत स्पष्ट होता.

रेषा ओढण्याआधी मान मात्र सरळ करून घ्यावी लागते. तुमच्या फोटोत बाबा मांडवात उभे राहून खाली, बहुतेक पाटाकडे बघत होते. मान ताठ असली की कानाच्या छिद्रापासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंतची रेषा साधारण आडवी येते. फोटोत ती पुढे सुमारे १० अंश झुकलेली होती. तसाच फोटो वापरला असता तर कान डोळ्यांच्या हिशेबाने दीड सेंटीमीटर वर चढले असते, कारण कान डोळ्याच्या बराच मागे असतो आणि मान वाकली की तो उचलला जातो. हे मी दुरुस्त करून घेतलं होतं. कान तुम्हाला खटकले नाहीत ते त्यामुळे असावं.

आता जे फोटोत नव्हतंच त्याकडे येतो. दोन डोळ्यांत अंतर किती, गालाची हाडं किती रुंद, जबडा कानाखाली किती फाकलेला, तोंडाचे कोपरे कुठवर जातात, यातलं काहीही बाजूच्या फोटोत मोजता येत नाही. ओठांचा कोपरा दिसतो खरा, पण तो दातांच्या कमानीवरून मागे वळलेला असतो. तो किती मागे आहे ते कळतं, बाजूला किती गेलाय ते नाही. पोलीस आरोपीचे समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढतात ते याचसाठी. पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फॉन्स बर्तियोंने १८८०च्या दशकात ही पद्धत बसवली. एका फोटोतून दुसरा निघाला असता तर त्याला दोनांची गरजच नव्हती.

मग आम्ही चित्रकार काय करतो? आधी सरासरी धरतो. डोळ्याचं बुबुळ सगळ्या मोठ्या माणसांत साधारण पावणेबारा मिलिमीटरचं असतं, त्यावरून फोटोतल्या बाकीच्या मापांना प्रमाण मिळतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसात सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास, पण ५५ ते ७० मध्ये कुठेही असू शकतं. नाकपुड्यांची रुंदी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधल्या अंतराएवढी धरायची, ही कलाशाळेतली जुनी सोय. सोय म्हणजे सोय, नियम नव्हे. असा सरासरीचा चेहरा चुकीचा नसतो, पण तो कुणाचाच नसतो. म्हणून मी गालाची हाडं आणि जबडा काकांच्या समोरच्या फोटोवरून घेतला. सख्खा भाऊ, नाक सारखं, तेव्हा हाडंही सारखी असतील असं धरलं. खऱ्या मापाच्या चेहऱ्यात गालाच्या रुंदीचा सात-आठ मिलिमीटरचा फरक माणूस बदलायला पुरतो, आणि तो इथे पडला.

गाल हा आणखी एक घोटाळा. चित्र नेल्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, बाबांच्या दाढा गेल्या होत्या, गाल बसले होते. फोटोत ते दिसत नाही, कारण व्हिडिओवाल्याचा दिवा सरळ गालावर आहे आणि हाडाखालची सावली त्याने पुसून टाकली आहे. मी सपाट गाल भरलेला समजलो. दाढांचं विचारायला हवं होतं. तो प्रश्न आता आमच्या ऑर्डरच्या कागदावर छापून घेतला आहे.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण आईंना तीच जाणवली असेल. फोटो उजव्या बाजूचा, म्हणून डावी बाजू मी उजवीची उलटी छाप काढून केली. खऱ्या माणसाची एक भुवई जराशी वर असते, तोंड एका बाजूला जास्त उघडतं. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या की चेहरा पुतळ्यासारखा ताठ दिसतो. अंदाज कुठे आहे ते ओळखायचं असेल तर चित्राचा अर्धा भाग कागदाने झाकून बघा. दोन्ही अर्धे एकमेकांचे आरसे वाटले, तर एक अर्धा बनवलेला आहे.

एक मात्र नमूद करतो. पेन्सिलचा कच्चा आराखडा तुमच्या भावांना मोबाइलवर पाठवला होता आणि त्यांनी “ओके” कळवलं होतं. त्यांना दोष देत नाही. तळहाताएवढ्या पडद्यावर जबड्याची रुंदी कळत नाही आणि बाबा जाऊन वीस वर्षं झालीत. आराखडा आईंना खऱ्या मापात, कागदावर दाखवायला हवा होता.

आता पुढचं. चित्र परत पाठवा, चेहरा पुन्हा रंगवतो, पैसे नाहीत. ते नको असेल तर १६ हजारांतले निम्मे परत करतो, तेही रास्तच आहे. पण पुन्हा करायचं तर त्याआधी दोन ठिकाणी शोधा. बाबा शिक्षक होते आणि आईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. निवृत्तीच्या कागदांना पती-पत्नीचा समोरून काढलेला संयुक्त फोटो जोडावा लागतो. त्याची प्रत आईंच्या ट्रंकेत नसली तरी कार्यालयातल्या फाइलीत असू शकते. दुसरं, ज्या लग्नातला हा फोटो आहे त्याची व्हिडिओ कॅसेट नवरीच्या माहेरी विचारा. बाबा कॅमेऱ्याकडे एक सेकंद वळले असतील तरी चालेल.

शाळेच्या ग्रुप फोटोत चेहरा हरभऱ्याएवढा आणि धुरकट असला तरी पाठवा. त्यात डोळे-नाक रेखीव दिसणार नाहीत, आणि मला ते नकोच आहेत, ते या फोटोत आहेत. मला हवीय फक्त गालाची रुंदी जबड्याच्या रुंदीला किती पडते आणि दोन डोळे एकमेकांपासून किती लांब आहेत. एवढं हरभऱ्याएवढ्या चेहऱ्यातूनही निघतं.

काहीच मिळालं नाही, तर आईंना एकदा स्टुडिओत आणा, किंवा मी घरी येतो. मातीत डोकं करून ठेवतो, बाजूची रेघ या फोटोची, रुंदी मोकळी. जबडा आत घ्यायचा की बाहेर, गाल किती दाबायचा, हे त्या सांगतील आणि मी अंगठ्याने करत जाईन. मागे एका घरी असं केलं होतं. त्या आजी पाऊण तास “नाही, नाही” म्हणत होत्या, आणि मग म्हणाल्या, “थांबा.”