लामणदिव्याचा भाव: दुकानदाराचं उत्तर

★★☆☆☆
"कळंगुटच्या या दुकानातून पितळी लामणदिवा घेतला. ४,२०० सांगितले. गोव्यात निम्म्याने मागायचं असतं म्हणून मी २,१०० पासून सुरुवात केली, शेवटी ३,००० ला दिला. वाटलं, बरी घासाघीस केली. दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारात अगदी तसाच दिवा तराजूवर तोलून १,७५० ला! 'गोव्याचंच काम आहे' असं सांगून पर्यटकांना सरळ लुटतात. जाण्याआधी विचार करा."

नमस्कार ताई,

उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आधी शुक्रवारी म्हापशाला जाऊन तो दिवा बघायचा होता. तुमच्या फोटोत मागे दिसणाऱ्या हंड्यांवरून दुकान सापडलं. दिवा अजून तिथेच टांगलेला होता.

पहिली गोष्ट आमच्या चुकीची. 'गोव्याचंच काम' असं आमच्या मुलाने सांगितलं असेल तर ते खोटं आहे. तो दिवा मुरादाबादहून आलेला आहे. या पट्ट्यातल्या दुकानांत दिसणारं बहुतेक ओतीव पितळ तिकडचंच असतं, आणि म्हापशातला तुम्ही पाहिलेला दिवाही तिथलाच, मी विचारलं. गोव्यात कांसारांनी घडवलेले दिवे मिळतात, पण ते वेगळे दिसतात आणि त्यांचा भावही वेगळा असतो. माझ्याकडे सध्या एकही नाही. मुलाला समज दिली आहे.

आता भावाबद्दल. पितळ आपल्याकडे सहसा नगावर विकलं जात नाही, ते वजनावर जातं. तुमच्या आजीने हंडा घेतला असेल तो तोलूनच, आणि मोडीत घातला असेल तोही तोलूनच. पर्यटकांच्या रस्त्यावर आल्यावर तोच माल अचानक नगावर येतो. एकदा तो नगावर गेला की गिऱ्हाइकाच्या हातात धरायला काही उरत नाही. मी हे दुकानदार असून सांगते आहे. आमच्या पावतीवरही वजन लिहिलेलं नव्हतं, आणि तुमच्या तक्रारीचं मूळ मला तिथेच दिसतं.

तुमच्या दिव्याच्याच खेपेतला दुसरा दिवा मी काट्यावर ठेवला. साखळी, मोर, तेलाची वाटी, खालचा लोलक, सगळं धरून १ किलो ६२० ग्रॅम. म्हापशातला दिवा उंचीला तेवढाच, पण १ किलो ३५० ग्रॅम भरला. तिथे त्या दिवशी ओतीव मालाचा भाव किलोला १,३०० होता, म्हणून १,७५० च्या आसपास. त्याच भावाने तुमच्या दिव्याचे होतात सुमारे २,१००.

ते २,१०० बघून मी थोडी चमकले. तुम्ही मागणी सुरू केली होती ती नेमकी तिथूनच. म्हणजे तुमचा पहिला आकडा बरोबर होता, पण तो बरोबर का आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून आमच्या मुलाने जरा तोंड पाडल्यावर तुम्ही ९०० रुपये वर चढलात. 'निम्म्याने मागा' हा नियम सगळे एकमेकांना सांगतात. पण निम्मं कशाचं? मी सांगितलेल्या आकड्याचं. तो आकडा माझ्या हातात आहे. मी ६,००० सांगितले असते तर तुमची सुरुवातच ३,००० पासून झाली असती आणि तुम्ही खूश होऊन गेला असता. (या रस्त्यावर असं होतच नाही, असं मी म्हणणार नाही.)

म्हणून निम्म्याचा हिशेब सोडून द्या. पितळेची काही वस्तू घ्यायची असेल तर आधी गावच्या भांड्यांच्या दुकानात जा आणि दिव्याचा भाव विचारू नका, कळशीचा किंवा हंड्याचा विचारा. दिव्याला हात लावला की समोरच्याला कळतं की पाहुणे आहेत, पण हंड्याच्या भावात कोणी खेळ करत नाही, कारण पाठोपाठ पेडण्याची किंवा डिचोलीची बाई तोच भाव विचारत उभी असते. माझ्यासमोर त्या शुक्रवारी पत्र्याचा हंडा किलोला ९५० ला गेला. मोडीचा भाव विचारला तर जुनं पितळ ते ५०० ने घेत होते. ओतीव माल १,३००. हे आकडे महिन्याभरात हलतात, ते पाठ करू नका. त्यांच्यातलं अंतर बघा: मोड म्हणजे नुसत्या धातूची किंमत, हंडा म्हणजे धातू आणि साधी घडणावळ, ओतीव म्हणजे साचा, कानस, पॉलिश हे सगळं धरून. दिव्याची मागणी हंड्याच्या भावाने सुरू करायची आणि ओतीवच्या भावाच्या थोडं वर थांबायचं. तुमच्या दिव्याला म्हणजे १,५५० च्या आसपास सुरुवात आणि २,४००-२,५०० ला शेवट. त्यावर गेलात तर ते पैसे पितळेचे नाहीत हे समजून जा.

वजन कसं करायचं, असं एका गिऱ्हाइकाने मला विचारलं होतं. विमानाने येणाऱ्यांच्या बॅगेत सामान तोलायचा हुकाचा काटा बऱ्याचदा असतो. लामणदिव्याला तर वरून आकडा आहे, नुसता अडकवायचा आणि उचलायचा. काट्यात पन्नास-साठ ग्रॅम इकडे तिकडे होतील, एवढ्या हिशेबाला ते चालतं. कोणी दुकानदार तोलू देत नसेल तर तेवढ्यावरूनच काय ते समजा.

आता म्हापशातल्या त्या दिव्याकडे परत येते, कारण तुमच्या 'अगदी तसाच' वर माझं थोडं म्हणणं आहे. माझ्या पर्समध्ये आमच्या दुकानातलाच एक चुंबक होता, फ्रिजला लावायचा, माडाचं झाड असलेला. तो मी मोराला लावला, पडला. वाटीला लावला, पडला. साखळीला लावला तर चिकटला. म्हणजे साखळी लोखंडाची, वरून पितळेचा मुलामा. दुकानदाराला सांगून साखळी वेगळी तोलली, २५० ग्रॅम. तेवढं लोखंड पितळेच्या भावाने जात होतं. ते वजा केलं तर पितळ १ किलो १०० ग्रॅम, आणि १,७५० ला म्हटलं तर किलोला जवळजवळ १,६०० पडतात. तुम्ही आमच्याकडे ३,००० दिलेत ते किलोला १,८५० पडतात. फरक आहेच, पण तो 'निम्म्याचा' नाही. तिथल्या माणसालाही साखळीचं माहीत नव्हतं, त्याच्याकडे माल तसाच येतो. पण म्हणजे गावच्या बाजारातला भावही वस्तू हातात न घेता खरा मानू नका.

चुंबकाची एक मर्यादा सांगून ठेवते. जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ओतकामावर पितळी मुलामा दिलेला असेल तर चुंबक तिथेही पडतो. मग बुडाशी, जिथे दिसणार नाही तिथे, किंचित खरवडून बघायचं. आतून पिवळंच निघालं तर पितळ, पांढुरकं निघालं तर नाही. आणि मूर्ती घेत असाल तर बुडाची चकती बघा. आत लाख किंवा प्लास्टर भरून वजन वाढवलेलं असतं, तिथे तोलून काही कळत नाही, उलट फसवणूक होते. लामणदिवा त्या बाबतीत सरळ आहे, त्यात भरायला जागा फारशी नसते.

हा वजनाचा हिशेब फक्त पितळेला आहे. परवाच एक जण हाताने रंगवलेल्या आझुलेजोच्या, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या, फरशीला 'किलोला काय भाव' असं विचारत होते. तिथे फोनच्या कॅमेऱ्याने जवळून बघायचं: बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील, कुंचल्याचे जाड-बारीक फटके दिसले तर रंगवलेली. असो.

आमच्या भावात वरचे ९०० कुठे जातात तेही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही टॅक्सीने आलात, ड्रायव्हर बाहेर थांबला होता. बिलाच्या दहा टक्के म्हणजे ३०० त्याला गेले. इथे गाडी घेऊन येणाऱ्याला द्यायची रीत आहे, आणि ते पैसे गिऱ्हाइकाच्याच खिशातून निघतात. चालत आला असतात तर मुलगा त्यापेक्षा खाली उतरला असता. बाकीच्यात जागेचं भाडं आलं. धंदा ऑक्टोबर ते एप्रिल, भाडं बारा महिने, पावसाळ्यात कुत्रंही फिरकत नाही. म्हापशाच्या दुकानाला ही अडचण नाही, त्यांचं गिऱ्हाईक गावचं आहे आणि चतुर्थीला तर तिथे उभं राहायला जागा नसते. त्यामुळे त्यांच्याइतकाच भाव मी कधीच देऊ शकणार नाही. पण हे सगळं धरूनही ३,००० जास्तच होते. मी स्वतः गल्ल्यावर असते तर २,५०० ला दिला असता.

तेव्हा ५०० रुपये परत करते. पावतीचा फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवा, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात जातील. दिवाच परत करायचा असेल तर पूर्ण पैसे देते, फक्त तेल घातलेलं नसावं. तुमचे दोन स्टार तसेच राहू द्या, त्यासाठी हे लिहिलेलं नाही. कालपासून दुकानातल्या प्रत्येक पितळी वस्तूला वजनाची चिठ्ठी बांधायला घेतली आहे, मोठ्या समया अजून राहिल्या आहेत.

आणि हो, तुमच्या दिव्यालाही चुंबक लावून बघा. आमच्या खेपेची साखळी पितळेची आहे, मी तपासली, पण वरचा छताला अडकवायचा आकडा लोखंडी निघाला, साधारण ४० ग्रॅमचा. पितळी आकडा मागवला आहे. पत्ता कळवलात तर पुण्याला पाठवून देते.