लाइक कमी झाले म्हणजे 'स्कोअर' पडला असं नाही

"डेटिंग ॲपचा अल्गोरिदम तुम्हाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो. तो तुमच्यासाठी योग्य माणूसच दाखवतो. लाइक कमी झाले म्हणजे तुमचा स्कोअर पडला, ॲपने तुम्हाला खालच्या गटात टाकलं. उपाय : सगळे फिल्टर कडक करा, दिसेल त्याला राइट करा, म्हणजे उजवीकडे सरकवून लाइक द्या, आणि तरी जमलं नाही तर अकाउंट उडवून नवं काढा."

हा मेसेज महिनाभर सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तोवर मी गप्प होते. परवा माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, माझं असंच झालंय. मी खालच्या गटात गेले." चांगली शिकलेली, बोरिवलीत राहणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी एका फॉरवर्डवरून स्वतःची किंमत ठरवत होती. मी खरेदीच्या ॲपसाठी शिफारस-यंत्रणा बांधण्याचं काम करते, त्यामुळे हे मुकाट्याने वाचणं मला शक्य नव्हतं.

आधी स्कोअरचंच बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतंय. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. टिंडर या डेटिंग ॲपकडे एके काळी कोणाला किती पसंती मिळते त्यावरून काढलेला असा आकडा होता. बुद्धिबळपटूंना क्रमांक देण्यासाठी जी 'एलो' पद्धत वापरतात, तीच. मार्च 2019 मध्ये कंपनीने स्वतः जाहीर केलं की ती पद्धत आता जुनी झाली, आपण तिच्यावर अवलंबून नाही. जुळणीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर माणूस ॲप वापरतोय की नाही, आणि दोघं एकाच वेळी वापरतायत का, असंही त्यांनी सांगितलं. कोणाला किती पसंती मिळते याचा परिणाम आजही होतो, यात शंका नाही. पण लाइक अचानक कमी होण्याची साधी कारणं बरीच असतात आणि ती आधी तपासायला हवीत.

भाचीच्या बाबतीत ते कारण पाच मिनिटांत सापडलं. मागच्याच महिन्यात तिला तीस पूर्ण झाली. वयाची वरची मर्यादा लोक सरकवत सरकवत 29, 30, 35 अशा ठरलेल्या आकड्यांवर आणून ठेवतात. ज्या मुलांनी ती 29 वर ठेवली होती, त्यांच्यातले बरेचसे वाढदिवसाच्या सकाळी तिच्यापुरते गायब झाले. त्यांनी तिला नाकारलं नाही, ती त्यांना दिसलीच नाही. फिल्टर दोन्ही बाजूंनी चालतो, हे या मेसेजमध्ये कुठेही नाही. आपण लोकांना गाळतो तसे लोकही आपल्याला गाळतात, आणि दोन्ही चाळण्यांतून उरतील तेवढेच एकमेकांसमोर येतात.

आता 'योग्य माणूसच दाखवतो' याबद्दल. 2017 मध्ये सामंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 'सायकॉलॉजिकल सायन्स' या संशोधन-नियतकालिकात आला. स्पीड डेटिंगला, म्हणजे एकाच कार्यक्रमात अनेकांना थोडा थोडा वेळ भेटायला, येणाऱ्यांकडून त्यांनी आधीच स्वभाव, आवडी, अपेक्षा अशा शंभराहून जास्त गोष्टी भरून घेतल्या, त्या मशीन लर्निंगला दिल्या आणि कोण कोणाकडे ओढला जाईल ते सांगायला लावलं. एखादी व्यक्ती एकूणात किती जणांना आवडेल, किंवा तिला स्वतःला किती जण आवडतील, याचा अंदाज काही प्रमाणात आला. पण हीच व्यक्ती त्याच व्यक्तीला खास का आवडेल, हे अजिबात सांगता आलं नाही. इतकी माहिती हाताशी असून ही गत. तुमच्या ॲपला तर तुम्ही कुठे बोट लावलं, कुठे थांबलात आणि कोणाशी बोललात एवढंच माहीत असतं. तुम्ही काय दाबता ते त्याला कळतं, तुमचं कोणाशी जमेल हे नाही.

सगळे फिल्टर कडक करा, या सल्ल्याचं काय होतं ते आकड्यांत दाखवते. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा भाचीच्या टप्प्यात हजार मुलगे आहेत. वय 30 ते 34 केलं, तीनशे उरले. उंची किमान पाच फूट दहा इंच केली. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे शहरी मुलं थोडी उंच धरली तरी इथे चाळीसच्या वर उरणार नाहीत. मग 'सिगारेट न ओढणारा'. बऱ्याच ॲपवर ज्याने ही माहिती भरलेलीच नाही तोही कडक फिल्टरला गळतो, म्हणून वीस. या वीसांतल्या निम्म्यांच्या स्वतःच्या मर्यादेत भाची बसत नाही. राहिले दहा, आणि त्यातले काहीजण महिनोन्‌महिने ॲप उघडत नाहीत. दोन दिवसांत यादी संपते आणि मुलीला वाटतं, आपल्यातच काही खोट आहे. इथे एकटी उंची पाच फूट सहा इंचांवर आणली, तर शेवटच्या दहांचे सहज चाळीस होतात. शिवाय ती उंची माणसाने स्वतः टाइप केलेली असते, कोणी मोजलेली नसते.

अंतराचंही तसंच. ॲप सरळ रेषेत मोजतं. बोरिवली ते ठाणे सरळ रेषेत साधारण 13 किलोमीटर, पण मध्ये अख्खं राष्ट्रीय उद्यान आहे. घोडबंदर रोडने जायचं तर अंतर जवळपास दुप्पट होतं, संध्याकाळची कोंडी वेगळीच. उलट पश्चिम रेल्वेवरचा अंधेरीचा मुलगा भेटायला जास्त सोपा. टिंडर फोनचं चालू ठिकाण धरतं, त्यामुळे ऑफिसात उघडलं तर वेगळी माणसं दिसतात आणि घरी वेगळी. हिंज या दुसऱ्या डेटिंग ॲपवर ठिकाण आपण भरतो. आपण कोणत्या लाइनने जातो-येतो ते बघून अंतर ठरवावं.

मग कडक काय ठेवायचं? माणूस प्रत्यक्षात भेटून आवडला तरी ज्या गोष्टीवरून आपण नाहीच म्हणू, तेवढंच. भाचीच्या यादीत अशा दोनच गोष्टी निघाल्या : सिगारेट, आणि मूल हवं की नको. हिंजवर बहुतेक पसंतींपुढे 'डीलब्रेकर'चं वेगळं बटण असतं. ते या दोन ठिकाणीच चालू ठेवलं. उंची, धर्म, शिक्षण पसंती म्हणून भरलेलं राहिलं, पण तिथलं बटण बंद केलं. वयाचा टप्पा दोन्हीकडे दोन-दोन वर्षांनी वाढवला.

दिसेल त्याला राइट करणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे. फुकटच्या खात्यात रोजचे लाइक मोजके असतात, ते पहिल्या दहा मिनिटांत संपतात. आणि सगळ्यांनाच हो म्हटलं तर तुमची आवड कोणती हे यंत्रणेला कळायला मार्गच राहत नाही.

प्रॉम्प्टचा, म्हणजे प्रोफाइलमध्ये उत्तर लिहायला ॲप जे प्रश्न देतं त्यांचा, उल्लेखही मेसेजमध्ये नाही, खरं तर तिथे हात घालायला हवा होता. हिंजवर समोरचा नुसत्या प्रोफाइलला लाइक देत नाही, एखाद्या फोटोला किंवा उत्तराला देतो आणि त्यावरच बोलणं सुरू होतं. भाचीने लिहिलं होतं, "मला प्रवास आणि खाणं आवडतं." यावर कोणी काय विचारणार? आता तिथे आहे, "रविवारी पहाटे नॅशनल पार्कातून कान्हेरीपर्यंत सायकल. चढावर हमखास उतरून ढकलते." यावर अनोळखी माणसालाही विचारण्यासारखं काही आहे.

अकाउंट उडवण्याबद्दल थोडक्यात. नव्या प्रोफाइलबद्दल यंत्रणेकडे काहीच माहिती नसते, म्हणून ती सुरुवातीला जास्त लोकांना दाखवून पाहिली जाते. तेवढी चार दिवसांची वाढ खरी आहे. पण त्यासाठी चालू असलेली सगळी बोलणी जातात, आणि जन्मतारीख तीच राहते. 29 वर मर्यादा ठेवणाऱ्यांना भाची नव्या खात्यातूनही दिसणार नाही.