व्हिडिओतलं लोकेशन: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

«व्हिडिओ टाकण्याआधी त्यातलं लोकेशन काढा म्हणून सांगत फिरणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. एक तर लोकेशन फोटोत असतं, व्हिडिओत नसतं. असलंच तर व्हॉट्सॲप आणि यूट्यूब ते आपोआप काढतात. फारच भीती वाटत असेल तर व्हिडिओ थोडा ट्रिम करा नाहीतर कंप्रेस करा, विषय संपला. आणि वाळूचोरी, मारहाण असलं काही टिपलं असेल तर मेटाडेटा काढूच नका, पुरावा बाद होतो.»

पहिल्या वाक्यापासूनच घोळ आहे. फोटोत लोकेशन एक्झिफ नावाच्या भागात असतं आणि व्हिडिओत तो भाग सहसा नसतो, एवढंच खरं. MP4 आणि MOV फाइलींची आपली वेगळी व्यवस्था आहे. फाइलच्या आत लहानमोठे कप्पे असतात. एका कप्प्यात चित्र आणि आवाज, दुसऱ्यात त्यांची माहिती, म्हणजेच मेटाडेटा. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर अँड्रॉइड फोन या माहितीच्या कप्प्यात एक छोटी ओळ लिहून ठेवतो. शनिवारवाड्याच्या दारात उभं राहून शूटिंग केलं तर ती ओळ अशी दिसेल:

```
+18.5195+073.8553/
```

दशांश चिन्हानंतर चार अंक आहेत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणजे चौथ्या अंकातला एकचा फरक हा जमिनीवर साधारण 11 मीटर. फोनचा जीपीएस त्या वेळी नीट चालत असेल तर नुसती गल्ली नाही, गल्लीतली इमारत कळते. आयफोनमध्ये हीच माहिती वेगळ्या नावाने असते आणि सोबत कंपनी, मॉडेल आणि आयओएसची आवृत्तीही असते. शूटिंगची वेळही फाइलमध्ये असते. ती बहुतेक वेळा जागतिक वेळेत असल्यामुळे सकाळी 6:40 ला काढलेला व्हिडिओ 01:10 दाखवतो. लोक ती वेळ चुकीची समजून सोडून देतात. साडेपाच तास मिळवले की ती बरोबर बसते.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती सहसा कुणी बोलत नाही. हे आकडे व्हिडिओत दिसणाऱ्या जागेचे नसतात, कॅमेरा धरणाऱ्याच्या जागेचे असतात. नदीपात्रातून रात्री वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ कुणी आपल्या गच्चीवरून काढला, तर त्या फाइलमध्ये नदीचा पत्ता नसतो. गच्चीचा असतो. वाळूवाल्यांना नदी कुठे आहे ते ठाऊकच आहे. व्हिडिओ कुणी काढला एवढंच त्यांना हवं असतं.

आता व्हॉट्सॲप आणि यूट्यूबचं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ «व्हिडिओ» म्हणून पाठवला तर तो नव्याने एन्कोड होतो आणि लोकेशन जातं, हे बरोबर. यूट्यूबवर बघणाऱ्याला मिळते तीही नव्याने बनवलेली प्रत, मूळ फाइल कंपनीकडे पोचलेली असते तो भाग वेगळा. पण अशा घटनांचे व्हिडिओ प्रत्यक्षात कसे फिरतात ते बघा. ग्रुपवर कुणीतरी म्हणतं, «क्वालिटी गेली रे, डॉक्युमेंट म्हणून पाठव.» डॉक्युमेंट म्हणून पाठवली की फाइल जशीच्या तशी जाते, एक बाइटही न बदलता. टेलिग्रामवर फाइल म्हणून पाठवली, ईमेलला जोडली किंवा ड्राइव्हची लिंक दिली तरी तेच. पुढे एखादं स्थानिक पोर्टल ती फाइल आपल्या वर्डप्रेसच्या साइटवर थेट चढवतं. वर्डप्रेस व्हिडिओ आपणहून पुन्हा एन्कोड करत नाही. म्हणजे बातमी वाचणारा कुणीही ती उतरवून गच्चीचे आकडे वाचू शकतो.

मोठी साइट आहे म्हणजे सफाई होणारच, हेही गृहीत धरू नका. अमेरिकेत पार्लर नावाच्या सोशल नेटवर्कवर लोकांनी चढवलेले मूळ व्हिडिओ मेटाडेटासकट पडून होते. जानेवारी 2021 मध्ये, कॅपिटॉल या अमेरिकी संसदेच्या इमारतीवरच्या हल्ल्यानंतर, साइट बंद पडण्याआधी ते मोठ्या प्रमाणात उतरवून घेतले गेले. त्यातल्या जीपीएस आकड्यांवरून पत्रकारांनी कोणता व्हिडिओ इमारतीच्या आत काढला आणि कोणता बाहेर, याचा नकाशा तयार केला. हल्लेखोरांबद्दल मला सहानुभूती नाही. पण त्या संग्रहात फक्त हल्लेखोरांचे व्हिडिओ नव्हते, आणि मेटाडेटा माणूस बघून उघडा पडत नाही.

ट्रिम आणि कंप्रेसचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यामुळे काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. आयफोनमध्ये ट्रिम केलेल्या व्हिडिओचं लोकेशन शाबूत राहतं. फोटो ॲपमध्ये व्हिडिओ वर सरकवलात तर ट्रिमनंतरही नकाशा दिसतो. फाइलचं नाव बदलल्याने तर आत काहीच हलत नाही. कंप्रेस करण्याचं म्हणाल, तर कितीतरी ॲप आणि वेबसाइट आतून ffmpeg नावाचं व्हिडिओवर काम करणारं साधन वापरतात, आणि ffmpeg ला वेगळं सांगितलं नाही तर ते मूळ फाइलमधली माहिती नव्या फाइलमध्ये उतरवतं. 200 एमबीचा व्हिडिओ 15 एमबी होतो, चित्र धूसर होतं, आणि अँड्रॉइडने लिहिलेली लोकेशनची ओळ तशीच राहू शकते. फाइल लहान झाली म्हणजे माहिती गेली, असं नाही.

म्हणून अंदाज करत बसू नका, फाइल उघडून बघा. कॉम्प्युटरवर exiftool हे कमांड लिहून चालवायचं फुकट साधन आहे. mul.mp4 च्या जागी तुमच्या मूळ फाइलचं नाव लिहा:

```
exiftool -ee -a -G1 -s mul.mp4
```

समोर मोठी यादी येते. त्यातल्या ज्या ओळींमध्ये GPS, Location, Make, Model, AndroidVersion किंवा CreateDate आहे, तेवढ्या बघा. वरच्या शनिवारवाड्याच्या उदाहरणात GPSCoordinates पुढे 18 अंश 31 मिनिटं 10.2 सेकंद उत्तर आणि 73 अंश 51 मिनिटं 19.08 सेकंद पूर्व असं येईल. आकडे तेच, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी.

माहिती काढायला ffmpeg लाच नीट सांगावं लागतं:

```
ffmpeg -i mul.mp4 -map 0:v:0 -map 0:a:0 -map_metadata -1 -map_chapters -1 -c copy saaf.mp4
```

याचा अर्थ असा: पहिला चित्राचा ट्रॅक आणि पहिला आवाजाचा ट्रॅक घे, बाकी काही नको. जुनी माहिती उतरवू नको. आणि चित्र-आवाज पुन्हा एन्कोड न करता जसेच्या तसे ठेव. एन्कोडिंग नसल्यामुळे काम काही सेकंदांत होतं आणि क्वालिटी जराही जात नाही. उभा व्हिडिओ उभाच राहतो, कारण चित्र कसं वळवायचं ती नोंद ट्रॅकसोबत येते. नंतर saaf.mp4 वर exiftool पुन्हा चालवा. CreateDate च्या जागी सगळी शून्यं दिसली पाहिजेत, GPS ची एकही ओळ नको. Encoder पुढे Lavf दिसेल, ती ffmpeg ची स्वतःची सही आहे. FileModifyDate ही तारीख तुमच्या कॉम्प्युटरने लावलेली असते, फाइलच्या आत ती नसते.

दोन्ही ट्रॅक नावानिशी मागण्याला कारण आहे. गोप्रोच्या जीपीएस असलेल्या मॉडेलांमध्ये लोकेशन एका ओळीत नसतं. चित्र आणि आवाजासोबत एक तिसरा ट्रॅक चालू असतो आणि त्यात दर सेकंदाला अनेक वेळा जागा लिहिली जाते. दुचाकीवर हेल्मेटला कॅमेरा लावून घरातून निघालेल्या माणसाच्या फाइलमध्ये त्याच्या फाटकापासूनचा सगळा रस्ता असतो. इंटरनेटवरून उचललेल्या कमांडमध्ये पुष्कळदा नुसतं -map 0 असतं, म्हणजे «सगळे ट्रॅक घे». ती कमांड वरची माहिती पुसते आणि हा तिसरा ट्रॅक सोबत आणू शकते. exiftool ने -all= लिहून सफाई केली तरी या ट्रॅकला हात लागत नाही. तपासणीच्या कमांडमधलं -ee त्यासाठीच आहे. ते घातलं नाही तर ट्रॅकच्या आतले आकडे यादीत येतच नाहीत आणि फाइल साफ असल्यासारखी वाटते.

कॉम्प्युटर हाताशी नसेल तर आयफोनवर शेअर करताना वर Options दिसतं, त्यात Location बंद करता येतं. तो स्विच लोकेशनपुरताच आहे, बाकीच्या माहितीसाठी त्याच्यावर विसंबू नका. अँड्रॉइडवर घाईच्या वेळी सोपा मार्ग म्हणजे व्हॉट्सॲपवर स्वतःलाच व्हिडिओ म्हणून पाठवायचा आणि आलेली प्रत पुढे द्यायची. क्वालिटी जाते, पण लोकेशनही जातं.

राहिला पुराव्याचा मुद्दा. मेसेजमधली ही गोष्टही अर्धी खरी आहे, म्हणून लोकांना पटते. मूळ फाइलला हात लावू नये, हे अगदी बरोबर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला आकडा. आत एक अक्षर बदललं तरी तो पूर्ण बदलतो. पण यावरून सगळ्यांना मूळ फाइलच वाटावी असं कुठे निघतं? तहसीलदार किंवा पोलिसांकडे जाते ती मूळ, आणि गावभर फिरते ती साफ केलेली प्रत. ffmpeg नवी फाइल बनवतं, जुनीला धक्का लावत नाही, म्हणून इथे तेच बरं. व्हिडिओ काढला त्याच दिवशी मूळ फाइल केबलने कॉम्प्युटरवर घ्या आणि विंडोजमध्ये हॅश काढून तारखेसह लिहून ठेवा:

```
certutil -hashfile mul.mp4 SHA256
```

मूळ फाइलमधलं लोकेशन आणि वेळ तक्रारदाराच्या बाजूने बोलणारी माहिती आहे. म्हणून अशा कामासाठी कॅमेऱ्याचं लोकेशन कायमचं बंद ठेवा असं मी सांगणार नाही. ते मूळ फाइलमध्ये असू द्या, सार्वजनिक प्रतीतून काढा.

एवढं करूनही जे उरतं ते चित्रात आणि आवाजात उरतं. गच्चीवरून काढलेल्या व्हिडिओत पाण्याची टाकी आणि तिच्यामागे मोबाइलचा टॉवर एका रेषेत दिसत असेल, तर गावातला माणूस ती रेषा उलटी ओढून गच्चीपर्यंत येतो. त्याला मेटाडेटा लागत नाही. अशा वेळी फ्रेम कापून फक्त ट्रॅक्टर आणि पात्र ठेवा. कापताना व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो, म्हणून आधी एडिटिंग संपवा, त्यानंतर वरची कमांड चालवा आणि तपासणी शेवटच्या फाइलवर करा. मागे घरातल्या माणसांचं बोलणं ऐकू येत असेल आणि आवाजाची गरज नसेल, तर -map 0:a:0 च्या जागी -an लिहा.