खिशातलं मेण

सुरुवात अत्तराच्या बाटलीने केली. म्हणजे ती बॅगेत फुटली. पूर्ण फुटली असती तर बरं झालं असतं, पण झाकणाजवळून गुपचूप झिरपत राहिली आणि पुढचे चार दिवस माझे मोजे, टूथब्रश आणि चार्जर सगळ्यांना एकच वास, मी सोडून, कारण अंगाला लावायला बाटलीत थेंब उरला नव्हता. तेव्हाच ठरवलं की यापुढे प्रवासात सांडणारी वस्तू न्यायचीच नाही, घट्ट अत्तर करायचं. मधमाशांचं मेण, एखादं साधं तेल आणि इसेन्शियल ऑइल, बस्स, तीनच गोष्टी! तीन गोष्टी एकत्र करण्यात काय चुकणार, असं मी बायकोला म्हटलं. ती काही बोलली नाही. लग्नाला बरीच वर्षं झालीत आमच्या.

पहिला बळी किसणीचा. मेणाची वडी आणली होती, ती किसायला घेतली, छान किसली गेली, आणि मग किसणी धुवायला गेलो. गरम पाणी ओतलं तर मेण निघायच्या ऐवजी वितळून सगळ्या भोकांवर एकसारखं पसरलं आणि पाणी थंड होताच घट्ट बसलं. किसणीला पॉलिश केल्यासारखं. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं: वडी सुरीने पातळ खरवडा, नाहीतर सरळ दाणेदार मेण आणा, आणि भांडी आधी गरम असतानाच कागदाने पुसून घ्या, मग साबण. सिंकमध्ये तर ओतायचंच नाही, पाइपात जाऊन पुन्हा मेणच होतं ते.

मेण थेट गॅसवर ठेवायचं नसतं एवढी अक्कल होती (जास्त तापलं तर पेट घेतं), म्हणून पातेल्यात पाणी, पाण्यात काचेची बरणी, बरणीत १० ग्रॅम मेण आणि १० ग्रॅम जोजोबाचं तेल. समसमान, लोकशाही पद्धतीने. मेण साधारण ६२ ते ६४ डिग्रीला वितळतं, त्याला जरा वेळ लागतो, आणि वितळल्याच्या आनंदात मी गॅस चालू असतानाच संत्र्याचं तेल त्यात घातलं. काय वास सुटला म्हणून सांगू! बायको आतल्या खोलीतून उठून आली, म्हणाली, "अरे वा, जमलं की." जमलं नव्हतं. संत्र्याचं तेल सगळ्यात आधी उडून जाणाऱ्यातलं, ते मी गरमागरम बरणीत घातल्यामुळे सगळं अत्तर घराला लागलं आणि डबीत राहिला फक्त मधाचा मंद वास, जो मेणाचा स्वतःचाच होता. वर ती डबी इतकी कडक की बोट घासलं तर बोटच गुळगुळीत झालं, मेण जागचं हललं नाही. शेवटी नखाने खरवडून मनगटावर लावलं तर मेणबत्तीचे पापुद्रे लागल्यासारखं दिसायला लागलं.

दुसऱ्यांदा मी उलटं टोक गाठलं, आपल्याकडे मधली वाट नाहीच. ३ ग्रॅम मेण, १८ ग्रॅम तेल. थंड झाल्यावर काय सुंदर मऊ झालं होतं, बोटाने अलगद निघायचं, मी दिवसभर डबी उघडून बघत होतो. दुसऱ्या दिवशी पँटच्या खिशात टाकली आणि एका मीटिंगला गेलो. दोन तास बसलेला माणूस खिशाला बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त गरम ठेवतो हे तेव्हा लक्षात आलं, म्हणजे आधी मांडीला काहीतरी ओलसर लागलं आणि मग लक्षात आलं. उभं राहिलो तेव्हा मांडीवर तेलाचा गोल डाग, नेमका अशा जागी की खुलासा करावा तर पंचाईत, न करावा तर जास्त पंचाईत. "अत्तर आहे" असं म्हणालो. कोणाचा विश्वास बसला नाही, वास येत असूनसुद्धा.

मग जरा डोकं लावून हिशोब केला. मेण एकटं ६२ डिग्रीपर्यंत टिकतं ते खरं, पण त्यात तेल मिसळलं की ते त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. जितकं तेल जास्त तितकं आधी. आणि माझी खरी चूक अशी की इसेन्शियल ऑइल हेही तेलासारखं पातळच असतं, तेही मिश्रण सैल करतं, हे मी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या डबीत मी वासासाठी आणखी ३ ग्रॅम घातलं होतं, म्हणजे ३ ग्रॅम मेणावर एकूण २१ ग्रॅम पातळ. एकास सात. ते मलम होतं हो, अत्तर नव्हतंच.

थेंब मोजणं हाही एक छळ आहे. सत्ताविसाव्या थेंबाला बायकोने विचारलं, "दूध आणलंस का?" आणि मी "अठ्ठावी... हो... नाही... किती झाले?" पुन्हा, प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा, घट्ट तेलाचा मोठा, पातळाचा लहान. घरातला काटा एक एक ग्रॅमच्या उड्या मारतो, त्याला थेंब कळतच नाही, दहा थेंब पडले तरी तो शून्यावर ढिम्म. शेवटी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतला, आणि त्या दिवसापासून मी माणसात आलो.

तिसरी डबी: मेण ५ ग्रॅम, जोजोबा १० ग्रॅम, वासाची तेलं मिळून २ ग्रॅम. म्हणजे मेणाला अडीच पटीहून किंचित कमी पातळ. वासात लव्हेंडर ०.८, देवदार ०.६, संत्र ०.६. लिंबाचं तेल मुद्दाम टाळलं, कारण फळाची साल दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी डागाळू शकते, गोड संत्र्याला ती खोड नाही. संत्र तसंही पंधरा-वीस मिनिटांचं पाहुणं, मागे देवदारच उरतो, म्हणून तो हवाच.

डबीत ओतायच्या आधी चमचा फ्रीजमध्ये ठेवून त्यावर दोन थेंब टाकून पाहिले. दोन मिनिटांत गोठलं, बोटाने घासलं, जरासं दाबल्यावर निघालं. कडक वाटलं असतं तर थोडं तेल, मऊ वाटलं असतं तर चिमूटभर मेण, वितळलेलं असेपर्यंत सगळं माफ असतं. मग बरणी पाण्यातून काढली, कडेला धूसरपणा यायला लागल्यावर वासाची तेलं घातली, ढवळलं आणि लगेच ओतलं. डबी आधी कोमट करून घेतली होती, नाहीतर कडेचं आधी गोठून वळ्या पडतात. तरी मधोमध खड्डा पडलाच, मेण थंड होताना आक्रसतं, त्याला कोण काय करणार, बरणीत राखून ठेवलेलं थोडं वरून ओतून बुजवला.

ही डबी खिशात दिवसभर राहिली आणि पँट कोरडी. वास मात्र स्प्रेसारखा खोलीभर जात नाही, मनगट नाकाशी नेलं तरच येतो, शेजारच्याला कळायला त्याने बराच जवळ यावं लागतं. मला ते चालतं.

प्रवासात मेहुणीने विचारलं, "लिप बाम आहे का कोणाकडे?" आणि बायकोने माझ्या खिशातून डबी काढून दिली. मी खिडकीबाहेर बघत होतो. पुढचा अर्धा तास मेहुणी ओठ धुत होती, देवदार तोंडात गेला की फार कडू लागतो म्हणे. आता डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, ओठांना लावू नये, आणि खाली बायकोने तिच्या अक्षरात, मीटिंगलाही नेऊ नये.