क्रियापद शेवटी येण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

मराठीत क्रियापद शेवटीच येतं, त्या सवयीमुळे आपण इंग्रजीत लांब वाक्य लिहिताना चुकतो, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया: "सर, 'आय मँगो ईट' म्हणणारा मराठी माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. तुमचा शोध निव्वळ कल्पना आहे. इंग्रजी जमत नसेल तर सराव करा, आईच्या भाषेवर कशाला ढकलता? आणि मराठीत क्रियापद कुठेही येतं."

उत्तर: शेवटचं वाक्य मान्य. 'येते मी', 'गेला एकदाचा' असं आपण रोज बोलतो, तेव्हा 'शेवटीच येतं' हे माझं विधान जरा जास्त झालं. पण 'आईच्या भाषेवर ढकलता' हे वाचून वाईट वाटलं. त्याच भाषेत मी आठ वर्षं लिहितो आहे. असा आरोप करण्याआधी लेख पुरता वाचायला हवा होता.

'आय मँगो ईट' मी लिहिलेलंच नाही. तशी चूक पाचवीतलं पोरही करत नाही. चूक होते ती लांब वाक्यात, आणि ती मी स्वतः केली आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं डिस्पॅच सांभाळलं. एकदा पुण्याला प्लेटिंगसाठी गेलेला माल येईना. तिथले मॅनेजर मराठी नव्हते. माझ्या मनात वाक्य होतं, 'सोमवारी तुमच्या टेम्पोने प्लेटिंगसाठी पाठवलेले पार्ट्स अजून परत आले नाहीत.' मी मेल केला: 'द पार्ट्स विच वुई हॅड सेंट फॉर प्लेटिंग ऑन मंडे बाय युवर टेम्पो हॅज नॉट कम बॅक.' उत्तर आलं की आमचा टेम्पो सोमवारी रात्रीच परत आला. दोन दिवस वाया गेले, बोलणी मी खाल्ली.

आता नीट पाहा. मराठीत 'पाठवलेले' वगैरे सगळा तपशील नामाच्या आधी बसतो, त्यामुळे 'पार्ट्स' आणि 'आले नाहीत' जवळजवळ राहतात. इंग्रजीत तोच तपशील 'विच' लावून नामाच्या नंतर जातो आणि नाम व मुख्य क्रियापद यांच्या मधोमध अडकतो. माझ्या वाक्यात मध्ये अकरा शब्द होते. क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर मीच 'पार्ट्स' विसरलो, शेजारी 'टेम्पो' दिसला आणि 'हॅव'चं 'हॅज' झालं. अनेकवचनी कर्त्यापुढे असं 'हॅज' किंवा 'वॉज' दिसलं की मागे जाऊन मधले शब्द मोजावेत. बोलताना याच जागी आपण 'अं... अं...' करत अडतो.

मराठीत क्रियापदाची वाट पाहायची सवय असते, म्हणून लिहिताना हे अंतर खटकत नाही. व्याकरण पाठ असूनही असं होतं, त्यामुळे सरावाचा सल्ला आपल्याजवळच ठेवा. माझ्या पंचवटीच्या वर्गात मी क्रियापद पुढे ओढायला लावतो: 'वुई हॅव नॉट रिसीव्हड द पार्ट्स वुई सेंट फॉर प्लेटिंग ऑन मंडे.' दुसऱ्याच शब्दाला क्रियापद सुरू, तपशील मागे. टेम्पो हवाच असेल तर त्याला पुढचं स्वतंत्र वाक्य द्यायचं.