आरडीच्या गणितावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

«महिना २,००० म्हणजे वर्षाचे २४,०००. ८ टक्क्यांनी साधं व्याजच १,९२० होतं, चक्रवाढ धरली तर त्याहून जास्त यायला हवं. तुम्ही १,०५९ लिहिलंय. लोकांची दिशाभूल करू नका.»

भाऊ, रामराम. तुमच्या हिशेबात २४,००० रुपये पहिल्याच दिवशी बँकेत पडलेत. ती झाली एफडी. आपल्याकडे आखाजीला लागलेल्या सालदाराला वर्षाचं साल मिळतं. दिवाळीनंतर आलेला पूर्ण सालाचे पैसे मागत नाही. आरडीचे हप्तेही असेच मागून-पुढून कामाला लागतात. पहिला हप्ता १२ महिने राबतो, दुसरा ११, शेवटचा फक्त एक. सरासरी साडेसहा महिने. म्हणून साधं व्याज २४,००० वर ८ टक्क्यांनी साडेसहा महिन्यांचं, म्हणजे १,०४० रुपये.

आता चक्रवाढ. व्याज तिमाहीला मुद्दलात मिळतं, तोपर्यंत साधंच चालतं. तिमाहीतले तीन हप्ते तीन, दोन आणि एक महिना राहतात, एकूण सहा महिने. २,००० वर एका महिन्याचं व्याज १३.३३, सहाचे ८० रुपये. म्हणजे प्रत्येक तिमाहीअखेर नवे ६,०८० जमा होतात आणि आधीच्या शिलकेवर २ टक्के चढतात.

पहिली तिमाही ६,०८०. दुसरीला त्याचे ६,२०१.६० होतात, त्यात नवे ६,०८० घातले की १२,२८१.६०. तिसरीअखेर १८,६०७.२३ आणि चौथीअखेर २५,०५९.३८. भरलेले २४,००० वजा करा, १,०५९ उरतात.

म्हणजे वर्षभरात चक्रवाढीने दिले जेमतेम १९ रुपये! हे बघून मीही पहिल्यांदा कागद उलटा करून पाहिला होता. चक्रवाढीची जादू मुदत वाढली की दिसते. हाच हप्ता याच दराने पाच वर्षं भरला तर साध्या हिशेबाने व्याज २४,४००, तिमाही चक्रवाढीने २७,७२८.

बरेच कॅल्क्युलेटर हे सूत्र वापरतात (R हप्ता, i तिमाही दर, n तिमाह्या):

```
M = R × [(1+i)^n − 1] / [1 − (1+i)^(−1/3)]
```

यात तिमाहीच्या आतही व्याज चक्रवाढीनेच मोजलं जातं, म्हणून उत्तर २५,०५८.६५ येतं, माझ्यापेक्षा ७३ पैसे कमी. तेवढ्यावरून बँकेत भांडू नका. पण एखादं ॲप २५,०६५.८५ दाखवत असेल तर ते दरमहा चक्रवाढ धरतंय, तो आकडा सोडून द्या.

आणि हे सगळं हप्ते वेळेवर भरले तरच. कापूस विकल्यावर भरू म्हणून हप्ता दोन महिने थांबवला, तर त्याचं २६-२७ रुपयांचं व्याज बुडतं; बँकेच्या नियमाप्रमाणे दंड लागला तर तो वेगळा.